आउटेजचा माफीनामा: कारण आणि जबाबदारी

> ‘तांत्रिक कारणांमुळे काही ग्राहकांची गैरसोय झाली, दिलगीर आहोत’ हे कसं सुधारायचं?

कॅनडातल्या रॉजर्स या मोबाइल-इंटरनेट कंपनीचा 2022 चा आउटेज घ्या. तिथे मी असं लिहिलं असतं:

‘8 जुलैच्या पहाटे मुख्य नेटवर्कमध्ये बदल करताना आम्ही राउटरवरचा एक फिल्टर काढला. त्यामुळे राउटरवर माहितीचा लोंढा आला आणि मोबाइल, इंटरनेट दोन्ही बंद पडले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांना फटका बसला; अनेकांचे 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागले नाहीत. चूक आमची आहे. पाच दिवसांचे पैसे बिलातून आपोआप वजा होतील, अर्ज करावा लागणार नाही. मोबाइल आणि इंटरनेटचं मुख्य नेटवर्क आम्ही वेगळं करणार आहोत.’

अर्थात, हे पहिल्या तासात लिहिता येत नाही. दुरुस्तीसाठी आत शिरायची वाटही त्याच नेटवर्कवर होती, त्यामुळे कारण सापडायलाच कित्येक तास गेले. तेव्हा पहिल्या संदेशात कारणाचा अंदाज बांधू नये. 911 लागत नाही, दुसऱ्या कंपनीचा फोन वापरा आणि पुढची माहिती अमुक वाजता देऊ, एवढं ठळक लिहावं. दुरुस्त झालं नसलं तरी ती वेळ मात्र पाळायचीच.