आमची मंडळी ग्रुप: टॅबवरून घरचा कॉम्प्युटर चालवताना

शरयू मावशी: निखिल, मोकळा आहेस का? टॅबवरून घरचा कॉम्प्युटर उघडलाय. रिमोट डेस्कटॉप लागला, हिशोबाची एक्सेल फाइलही उघडली. E कॉलममध्ये दुसऱ्या ओळीत, म्हणजे E2 मध्ये, =C2*D2 हे सूत्र लिहिलंय, ते खाली 214 व्या ओळीपर्यंत ओढायचंय. चौकटीचा कोपरा धरून बोट खाली नेलं की अख्खा शीटच सरकतो. वीस मिनिटं तेच करतेय.

निखिल: आहे मावशी. आधी एक सांग, स्क्रीनवर माऊसचा बाण दिसतोय का?

शरयू मावशी: नाही. जिथे बोट लावते तिथेच क्लिक होतं.

निखिल: म्हणजे तू थेट टच मोडमध्ये आहेस. त्यात बोट सरकवलं की पलीकडच्या विंडोजला ते स्क्रोल वाटतं, ओढणं वाटत नाही. शिवाय तो कोपरा इतका बारीक असतो की बोटाखाली तो दिसतच नाही. सेशनच्या वरच्या पट्टीवर टॅप कर आणि माऊस पॉइंटरचा पर्याय निवड.

शरयू मावशी: आला बाण. पण तो बोटाजवळ नाही, भलतीकडेच आहे.

निखिल: तसाच असतो. आता अख्खी स्क्रीन म्हणजे लॅपटॉपचा टचपॅड समज. बोट कुठेही ठेवून सरकव, बाण तेवढा सरकेल. बोट बाणावर न्यायचंच नाही. एका बोटाने टॅप म्हणजे साधं क्लिक, दोन बोटांनी एकदम टॅप म्हणजे राइट क्लिक. ओढायचं असेल तर दोनदा टॅप कर, पण दुसऱ्या वेळी बोट उचलू नकोस, तसंच दाबून सरकव.

सायली: माझ्या टॅबवर दोनदा टॅप लागत नाही गं मावशी, एकदाच दाबून धरलं की ओढता येतं. अ‍ॅपप्रमाणे बदलतं ते. रिकाम्या डेस्कटॉपवर करून बघ. बाणामागे निळसर चौकोन उमटला की ओढणं जमलं.

शरयू मावशी: उमटला चौकोन. पण 214 ओळी ओढताना बोट स्क्रीनच्या कडेला पोहोचतं आणि मध्येच सुटतं.

निखिल: म्हणून एवढं लांब ओढूच नकोस. माझं स्पष्ट मत आहे, टॅबवर ओढणं फक्त खिडकी हलवण्यापुरतं ठेवावं. बाकीचं निवडणं आणि भरणं कीबोर्डवरूनच नीट होतं. आता एकेक करत जा. सूत्राच्या पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटी चौकट आहे, त्यात सध्या E2 असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. तिच्यावर टॅप करून हे लिही आणि Enter दाब:

```
E2:E214
```

शरयू मावशी: अरे, सगळा कॉलम निवडला गेला! न ओढता!

निखिल: आता Ctrl+D. सगळ्यात वरच्या चौकटीतलं सूत्र खालच्या सगळ्या चौकटींत उतरतं.

शरयू मावशी: टॅबच्या कीबोर्डवर Ctrl कुठेय?

निखिल: टॅबच्या स्वतःच्या कीबोर्डवर नसतो. रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप त्याच्या वर एक जास्तीची ओळ दाखवतं. Ctrl, Alt, Esc, Tab आणि विंडोजचं बटण तिथे असतं. F2, F8 वगैरे Fn च्या मागे असतात. Ctrl वर एकदा टॅप कर, ते उजळेल, मग d. दोन्ही एकदम दाबून धरायची गरज नाही.

शरयू मावशी: Ctrl उजळलं. d दाबलं, काहीच झालं नाही.

सायली: मावशी, टॅबचा कीबोर्ड मराठीवर आहे का? मग पलीकडे d जातच नाही, मराठी अक्षर जातं. शॉर्टकटसाठी इंग्रजी कीबोर्ड घ्यावा लागतो.

शरयू मावशी: हो गं, मराठीच होता, आत्ता या ग्रुपवर लिहीत होते ना. बदलला. भरलं सगळं! खालपर्यंत आकडे आले.

निखिल: लगेच खात्री करून घे. त्याच छोट्या चौकटीत E214 लिहून Enter, मग F2. तिथे =C214*D214 दिसायला हवं. बघून झालं की Esc दाब, नाहीतर चौकट लिहिण्याच्या अवस्थेतच राहील आणि पुढचं टॅप सूत्रात नवीन पत्ता घुसवू शकतं.

शरयू मावशी: बरोबर आहे, C214 गुणिले D214. पण आता वेगळंच होतंय. ज्या चौकटीवर टॅप करते ती निवडली जाते आणि आधीचीही सुटत नाही. चार-पाच चौकटी रंगल्या आहेत.

निखिल: Ctrl अडकलंय. जास्तीच्या ओळीत बघ, अजून उजळलेलंच असेल.

शरयू मावशी: कीबोर्ड बंद केला होता, म्हणून दिसलं नाही. उघडला. हो, उजळलंय.

निखिल: त्यावर एक टॅप कर, विझेल. रिमोटवर जी गडबड मला सगळ्यात जास्त दिसते ती हीच आहे, म्हणून खुणा लक्षात ठेव. Ctrl अडकलं तर आत्ता झालं तसं अनेक चौकटी निवडल्या जातात, आणि स्क्रोल करायला गेलीस की शीट सरकण्याऐवजी लहानमोठा होतो. विंडोजचं बटण अडकलं तर साधं e लिहिलं तरी फाइलींची खिडकी उघडते, आणि l लिहिलं तर कॉम्प्युटर लॉक होतो. असं काही दिसलं की पुढे एक अक्षरही टाइप करू नकोस. Ctrl अडकलेलं असताना x किंवा w गेलं तर मजकूर कापला जाईल नाहीतर फाइल बंद होईल.

मोहन काका: आणि बटण विझलेलं दिसतंय, तरी तसंच होत राहिलं तर?

निखिल: मग काका, ते बटण दोनदा दाबा, एकदा उजळवून पुन्हा विझवा. त्यानेही सुटलं नाही तर सेशन Disconnect करून परत जोडा. Disconnect म्हणजे फक्त तार सोडणं, फाइल पलीकडे उघडीच राहते. Sign out मात्र करू नका, त्यात सगळे प्रोग्राम बंद होतात.

शरयू मावशी: सुटलं. अजून एक. सेव्ह करताना खिडकी उघडते तिचं खालचं बटण कीबोर्डच्या मागे जातं. कीबोर्ड मिटवला की नाव लिहिता येत नाही.

निखिल: नाव लिहून नुसतं Enter दाब. ज्या बटणाला ठळक कड असते ते Enter ने दाबलं जातं, ते दिसायलाच हवं असं नाही. रद्द करायचं असेल तर Esc. आणि खिडकी वर सरकवायचीच असेल तर Alt आणि Space, मग m, मग वरचा बाण काही वेळा दाबून Enter. Alt विझलंय ना ते m दाबायच्या आधी बघ.

मोहन काका: अक्षरंही फार बारीक दिसतात तिला. पलीकडच्या सेटिंगमध्ये जाऊन मोठी करायला गेलो, पण तो पर्याय बदलूच देत नाही.

निखिल: रिमोट सेशनच्या आतून तो बदलता येत नाही काका. डिस्प्लेचा आकार टॅबकडून ठरतो. सेशन सोडा, अ‍ॅपमध्ये त्या कॉम्प्युटरच्या नावाशी असलेल्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करा किंवा स्केलिंग वाढवा आणि परत जोडा. 150 टक्क्यांपासून सुरुवात करा. त्याहून मोठं केलंत तर एक्सेलच्या मोजक्याच ओळी दिसतील, आणि कीबोर्ड उघडला की त्याही झाकल्या जातील.

शरयू मावशी: केलं, 150. आता छोटी चौकट नीट दिसतेय. F कॉलमही त्याच रीतीने भरला, F214 पाहिला, बरोबर आहे. Ctrl विझवलं, मग Disconnect केलं.