उत्तर: आयफोनवर दिसतं, पण दाबता येत नाही

> आईच्या आयफोनची स्क्रीन मला दिसते, पण टॅप का करता येत नाही? अँड्रॉइडवर तर जमतं.

बघणं आणि बोट लावणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. अँड्रॉइड 7 पासून, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळालेलं अ‍ॅप `dispatchGesture()` वापरून दुसऱ्या अ‍ॅपमध्येही टॅप करू शकतं. दुरून फोन चालवायचं एनीडेस्क अ‍ॅप तीच परवानगी मागतं. (भामटेही तीच मागतात, म्हणून जपून.) आयफोनवर स्क्रीन शेअर करायची अ‍ॅपलची सोय, `ReplayKit`, फक्त चित्र बाहेर पाठवते; स्पर्श आत पाठवायची वाटच बाहेरच्या अ‍ॅपला ठेवलेली नाही. त्यामुळे तिथे एनीडेस्कही नुसतं बघत बसतं.

अपवाद अ‍ॅपलच्याच फेसटाइमचा. दोन्हीकडे iOS 18 किंवा पुढचं असेल, तर स्क्रीन शेअर चालू असताना कंट्रोल मागता येतो. आईनं हो म्हणायला हवं. नाहीतर आहेच, "आई, वर उजवीकडे दाब. नाही गं, उजवीकडे!"