टाय-डायचं उरलेलं पाणी

"टाय-डायचं बादलीभर पाणी आणि थोडं ब्लीच उरलंय. कुंड्यांना घालू की मोरीत ओतू?"

कुंड्यांना नकोच. टाय-डायला वापरतात त्या रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे सुती धाग्याशी संयोग पावून पक्क्या बसणाऱ्या, रंगाच्या पाण्यात धुण्याचा सोडा असतो, बहुतेकदा मीठही. मिठामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानांच्या कडा करपतात. बादली रात्रभर घट्ट झाकून ठेवा, मांजर तोंड घालणार नाही. तेवढ्यात रंग पाण्याशीच संयोग पावून बराचसा निकामी होतो, मोरीच्या फरशीला फारसा चिकटत नाही. सकाळी नळ चालू ठेवून हळूहळू ओता.

ब्लीच त्या बादलीत मिसळू नका. मोरी धुऊन झाल्यावर ते दहापट पाण्यात वेगळं सोडा. त्याच वेळी व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड पडलं तर क्लोरिन वायू सुटतो. सेप्टिक टँक असेल तर ब्लीच एकदम ओतू नका, त्यातले जिवाणू मरतात. पांढऱ्या कपड्यांना थोडं थोडं वापरून संपवा.