पहिल्याच दिवशीची चूक गुपचूप निस्तरली. सरांना सांगायला हवं होतं का?

कोपऱ्यातलं_टेबल: फोर्टातल्या एका सीए ऑफिसात काल माझा आर्टिकलशिपचा पहिला दिवस. टॅक्स ऑडिटची घाई, कुणाला मान वर करायला सवड नाही. सरांनी शेअर्ड फोल्डरमधली एक्सेल दाखवली. 62 पुरवठादार, प्रत्येकाला बाकी पडताळायचं पत्र काढायचं. नावं अकारविल्हे लावायला मी फक्त नावांचा कॉलम निवडून सॉर्ट केला. Sort Warning आलं, गडबडीत Continue with the current selection दाबलं. नावं हलली, आकडे जागच्या जागी. एकूण बेरीज जुळली म्हणून मी निर्धास्त! छापताना चहावाल्याच्या नावावर 4,62,000 दिसले आणि पोटात गोळा आला. फाइल सेव्ह करून बंद केलेली, त्यामुळे Ctrl+Z गेलं. क्लायंटच्या मेलमधून मूळ फाइल घेऊन सगळं पुन्हा केलं, चुकीची पत्रं फाडली. एकही बाहेर गेलं नाही. आता सांगू का?

बिनधास्त_बाळ्या: कशाला? गेलं नाही ना बाहेर? पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर शिक्का मारून घेऊ नकोस. सरांना वेळही नाही ऐकायला.

खतावणीकाका: बाळ्या, पत्र गेलं नाही, पण फाइल तर तिथंच होती. दुपारभर शेअर्ड फोल्डरमध्ये चुकीची फाइल पडून होती. तेवढ्यात दुसऱ्या कुणी तीच कॉपी करून कामाला घेतली असेल तर? बेरीज जुळणारच, कारण आकडे तेच आहेत, फक्त मालक बदललेत. म्हणून बेरजेवर विसंबू नये. खतावणीतली चार-पाच मोठी खाती उघडून नाव आणि आकडा समोरासमोर ताडून बघायचा. आणि अशी पत्रं गेली असती तर एकाची बाकी दुसऱ्याला कळली असती, ते निस्तरणं वेगळंच. सरांना दोन वाक्यांत सांग.

सुलभा_ठाणे: मुळात Expand the selection दाबलं की काम झालं. एक्सेल विचारतंच, चूक पूर्ण तुझीच.

खतावणीकाका: दरवेळी नाही विचारत, ताई. मध्ये एक कॉलम पूर्ण रिकामा असला तर पलीकडचे आकडे त्याच्या खिजगणतीतच नसतात. इशारा न देता नावं हलतात.

विरार_फास्ट: आमच्यात तर पहिला आठवडा झेरॉक्सच काढायला लावतात. तुला थेट फाइल मिळाली, नशीब काढलंस. स्टायपेंड किती देतात?

बिनधास्त_बाळ्या: काका, पहिल्या दिवशीच्या पोराला 62 पत्रं एकट्याने काढायला देणारे सरच चुकले. त्यांना कोण सांगणार?

खतावणीकाका: ते खरं आहे. सही करण्याआधी सरांनी पत्रं बघितली असती, असं मी धरून चाललो होतो.

कोपऱ्यातलं_टेबल: सह्या आधीच कोऱ्या लेटरहेडवर होत्या, काका. फाइल 12 ते 5 चुकीची होती. शेजारच्या सीनियरने दुपारी त्यातूनच काहीतरी घेतलं असं वाटतंय. उद्या आधी त्यांना विचारते.

बिनधास्त_बाळ्या: कोऱ्या लेटरहेडवर सही?! मग सरांना सांगच, आणि मी म्हणालो म्हणून नको सांगूस.