आईचा डोळा लाल, ठणकतोय, बल्बभोवती कडी दिसतात: रात्रीच न्यावं की सकाळी?

माणदेशी_पोर
आई 58 ची. संध्याकाळपासून डावा डोळा लाल आहे, ठणकतोय, त्या बाजूचं कपाळपण दुखतंय. नीट दिसत नाही, बल्बभोवती रंगीत कडी दिसतात म्हणते, एकदा उलटी झाली. मेडिकलवाला म्हणाला डोळे आलेत, ड्रॉप दिलेत. डोळ्यांचा डॉक्टर 60 किमी लांब. आत्ता निघू का सकाळी जाऊ?

पारावरचा_गडी
अहो डोळे आलेत, दुसरं काय. 2023 च्या जुलैत आळंदीला साथ आली तेव्हा आमच्या घरात पाचही जणांचे डोळे लाल टोमॅटो झालेले, चार-पाच दिवसांत आपोआप बरे. कड्यांचं म्हणाल तर डोळ्यात चिपड असली की मलाही दिव्याभोवती तसलंच दिसायचं. रात्रीच्या घाटात म्हातारीला फिरवू नका, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि सकाळी जा.

डोळस_ताई
मी 16 वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंट डॉक्टरांकडे जायच्या आधी तपासायचं काम करते. गडी, तुमचं एक अगदी बरोबर आहे, चिपडामुळे कडी दिसू शकतात, पण ती दोन-चार वेळा पापण्या मिटल्या किंवा डोळा धुतला की जातात आणि नजर परत स्वच्छ होते. माणदेशी, आत्ता लगेच एवढं बघून सांगा. पापण्या मिटून उघडल्यावर कडी जातात का? डोळ्याला चिपड आहे का, खाज आहे का? टॉर्च समोरून मारून दोन्ही बाहुल्या बघा, डावीकडची मोठी दिसते का, उजेड पडल्यावर लहान होते का? आईचा चष्मा प्लसचा आहे का? आणि ड्रॉपच्या डबीवर औषधाचं नाव काय आहे?
डोळा बोटाने दाबून बघू नका, तो आमचा हात सरावलेला असतो तरी आम्ही पण पेशंटला दुखेल म्हणून जपून करतो.

कोकणातला_सदू
मला पण दोन वर्षं झाली, गाडी चालवताना समोरच्या लाइटला कडी दिसतात, दुखत काही नाही. मोतीबिंदू निघाला, आता ऑपरेशन आहे. काकूंचं पण तेच असेल, घाई नाही.

डोळस_ताई
सदूदादा, तुमचं हळूहळू झालं आणि दुखलं नाही, तो मोतीबिंदूच. यांचं काही तासांत झालंय आणि ठणका आहे, ही दोन वेगळी गणितं आहेत.

माणदेशी_पोर
कडी जात नाहीत. चिपड नाही, खाजपण नाही. डावी बाहुली मोठी आहे आणि टॉर्च मारला तरी तशीच राहते, उजवी लगेच बारीक होते. बुबुळ काच धुरकटल्यासारखं दिसतंय. चष्मा प्लस 3 च्या आसपास. दुपारपासून सर्दीची गोळी घेतली होती, दोनदा. ड्रॉपवर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन असं लिहिलंय.

डोळस_ताई
निघा. आत्ता. गाडीत बसल्यावर बाकीचं वाचा.

हा अचानक आलेला काचबिंदू असण्याची शक्यता खूप आहे. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक मोरीतून बाहेर जातं. प्लस नंबरचे डोळे आखूड असतात, वय वाढलं की आतलं भिंग जाड होत जातं, जागा कमी पडते, आणि संध्याकाळी अंधार झाला किंवा सर्दीच्या काही गोळ्या घेतल्या की बाहुली मोठी होते आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा भिंगाला चिकटतो. मग पाणी मागे अडकतं, पडदा पुढे ढकलला जातो आणि मोरीच बंद होते. साधारण 10 ते 21 असणारं प्रेशर 50 च्या पुढे जातं. त्या दाबाने पुढच्या पारदर्शक भागात पाणी मुरतं, म्हणून वाफ धरलेल्या काचेतून रस्त्याचा दिवा बघावा तशी रंगीत कडी दिसतात. उलटी आणि कपाळदुखी पण दाबाचीच. मागच्या नसेला इतका दाब सहन होत नाही, तासातासाने नुकसान होतं आणि गेलेली नजर परत येत नाही, म्हणून सकाळ नको.

ड्रॉप बंद करा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, त्याने आजचा प्रकार झाला असं नाही, पण कारण नक्की नसताना ते घालत राहणं बरोबर नाही. डोळ्यावर पट्टी बांधू नका, आत अंधार झाला की बाहुली अजून पसरते. जाताना दवाखान्यात फोन करून एवढंच विचारा, डोळ्याचं प्रेशर मोजायची आणि उतरवायची सोय आत्ता रात्री आहे का? नसेल तर सिव्हिलला जा, रिकामी चक्कर नको. आणि आईला सल्फाच्या औषधाची ॲलर्जी, किडनीचा त्रास, हार्टचा त्रास किंवा दमा आहे का ते आधीच सांगा, पहिल्या तासात देतात ती औषधं त्यावरून ठरतात.

पारावरचा_गडी
ताई मान्य की यांचा वेगळा असू शकेल, पण तुम्ही असं लिहिलंत की उद्यापासून प्रत्येक लाल डोळा रात्री बाराला शहरात. गरिबाने गाडीभाडं कुठून आणायचं? आमच्याकडे खरंच दहातल्या नऊ जणांचे डोळे आलेलेच असतात.

डोळस_ताई
गाडीभाड्याचं तुम्ही खरं बोललात, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण मी प्रत्येक लाल डोळा म्हणालेच नाही. खाज येते, खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात, एका डोळ्याचं दुसऱ्याला होतं आणि नजर स्वच्छ आहे, तर दोन दिवस घरी थांबा. पण नजर अंधुक झाली, किंवा ठणका आत खोल आहे, किंवा उजेड सहन होत नाही, तर थांबू नका, मग लाली कितीही कमी असो. मी बघितलेल्यात सगळ्यात वाईट डोळे फार लाल नव्हतेच.

उसाच्या_फडातून
उजेडाचं बोललात म्हणून सांगतो. माझ्या भावाच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, लाल झाला, त्याला पण मेडिकलमधून असंच स्टेरॉइडवालं मिळालं. दोन दिवस बरं वाटलं, लाली गेली, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला. बुरशी होती. दीड महिना दर तासाला औषध घालत बसलो तरी डाग राहिलाच. तेव्हापासून पातं-काडी लागलेल्या डोळ्यात मेडिकलचं औषध घालायचं नाही हा आमच्या घरचा नियम.

बेळगावची_लेक
हे वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या बाबांचं असंच झालं आणि आम्ही ओळखलंच नाही. रात्री उलट्या, अर्धं डोकं दुखतंय, डोळा लाल, आम्हाला वाटलं पित्त चढलं. जवळच्या डॉक्टरने पित्ताचं औषध आणि पोटात कळ येते म्हणून एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी परत तेच. डोळ्याचं कुणी विचारलंच नाही आणि आम्हीही उलटीबद्दलच बोलत राहिलो. तिसऱ्या दिवशी बाबांनी उजवा डोळा झाकला आणि म्हणाले मला समोरचं कॅलेंडर दिसत नाही. आता डाव्या डोळ्याने फक्त माणसाची सावली कळते. ताई, त्या इंजेक्शनने वाढलं असेल का?

डोळस_ताई
नक्की सांगता येणार नाही, कुठलं होतं ते बघावं लागेल. पोटाची कळ थांबवणाऱ्या काही इंजेक्शनांनी बाहुली मोठी होते हे मात्र खरं. पण तीन दिवस प्रेशर चढलेलं राहिलं हे एकटंच पुरेसं आहे. कागद असले तर डॉक्टरांना दाखवा, आणि बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं काय केलंत ते आधी सांगा.

बेळगावची_लेक
काही नाही केलं. दुसरा चांगला आहे म्हणून सोडलं.

डोळस_ताई
या आठवड्यात दाखवा. प्लीज.

माणदेशी_पोर
पोचलो होतो सव्वा एकला. सिव्हिलला डोळ्यांचे डॉक्टर होते. डाव्यात प्रेशर 56, उजव्यात 17. सलाइनमधून मॅनिटॉल दिलं, ॲसिटाझोलामाइडच्या 250 च्या दोन गोळ्या, ती गोळी एकदा उलटून पडली म्हणून परत दिली, शिवाय ड्रॉप दर थोड्या वेळाने. बाहुली बारीक करायचं औषध लगेच घातलं नाही, डॉक्टर म्हणाले एवढ्या दाबात तो स्नायूच काम करत नाही, आधी दाब उतरू दे. पहाटे पाचला 28 आलं. आई स्वतःहून म्हणाली, ट्यूबलाइट आता सरळ दिसते. मी बाहेर येऊन रडलो.
आता डाव्याला लेसर करणार आहेत, बुबुळ अजून थोडं धुरकट आहे म्हणून उद्या-परवा. पण उजव्याला आजच करू म्हणतात. तो तर चांगला आहे. करू का?

पारावरचा_गडी
आधी सांगतो, तुमचं वाचून मी चुकलो होतो हे कळलं, बरं झालं निघालात. पण चांगल्या डोळ्याला लेसर मला पटत नाही. चीनमध्ये ग्वांगझूला यावर मोठा अभ्यास झालाय, 2019 ला छापून आला, सहा वर्षं लोकांना बघितलं, लेसर न केलेल्या डोळ्यांना पण फार काही झालं नाही. माझ्या मेव्हण्याला लेसरनंतर दिव्यापाशी एक पांढरी रेघ दिसते, ती गेलीच नाही.

डोळस_ताई
अभ्यास खरा आहे आणि रेघही खरी आहे, थोड्या लोकांना दिसते, लेसरने पाडलेलं भोक वरच्या पापणीच्या कडेला अर्धवट झाकलं गेलं की जास्त. पण त्या अभ्यासात ज्यांना आधी कधी ॲटॅक आलाच नव्हता असे लोक होते, नुसती जागा अरुंद. एका डोळ्याला ॲटॅक येऊन गेला की दुसऱ्याचा हिशोब वेगळा, काही केलं नाही तर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना त्याही डोळ्यात येतो. लेसर म्हणजे पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक, अडकलेल्या पाण्याला दुसरी वाट. ड्रॉप घालून काही मिनिटांचं काम आहे, त्यानंतर तासाभराने प्रेशर परत बघतात, कारण लेसरनेच थोडं चढू शकतं. मी तुमच्या जागी असते तर उजव्याला आजच केलं असतं.

नगरचा_चष्मेवाला
ताई, इथे मी थोडा वेगळा. माझा डॉक्टर मित्र म्हणतो 58 व्या वर्षी मोतीबिंदूची सुरुवात असेलच, मग जाड भिंगच काढून पातळ बसवलं की जागा कायमची मोकळी होते, लेसर करून परत दोन वर्षांनी ऑपरेशन कशाला?

डोळस_ताई
तुमचा मित्र चूक नाही, हल्ली बरेच सर्जन तसंच करतात. पण कालच ॲटॅक आलेल्या डोळ्यात ऑपरेशन अवघड जातं, आत सूज असते, पुढची जागा उथळ असते, म्हणून आधी शांत करतात. उजव्यात कुठलं आधी हे मी फोटो न बघता सांगणार नाही, त्यांच्या डॉक्टरांनी कोन, म्हणजे ती मोरी असते ती जागा, कसा दिसतोय हे आरशाच्या लेन्सने बघितलंय का ते विचारा, त्यावर ठरतं.

माणदेशी_पोर
विचारलं. बघितलाय, उजव्याचा पण जवळजवळ सगळीकडे बंदच दिसतो म्हणाले. चार वाजता लेसर झालं, आई म्हणाली दोन-तीन वेळा टिचकी मारल्यासारखं वाटलं, बस. सर्दीच्या गोळ्या घरातून काढून टाकल्या. आता बहीण म्हणते, तिचं वय 34, तिला पण प्लसचा नंबर, तिने आत्ताच दाखवावं का चाळिशीनंतर?

डोळस_ताई
आत्ता एकदा दाखवू दे. नुसता नंबर काढून येऊ नको म्हणावं, आईचं झालं ते सांगून कोन तपासायला सांग.

पारावरचा_गडी
34 व्या वर्षी मला घाई वाटते, पण तपासायला काय जातं म्हणा. माझ्या बायकोला पण प्लस दीड आहे, पुढच्या आठवड्यात नेतो.