मदत हवी आहे: पेपरचं क्रिटिकल रिव्ह्यू कसं मांडायचं? सोमवारी द्यायचं आहे

संत्रा_बर्फी: एमए सायकॉलॉजी, नागपूर. एका न्यूरोसायन्स पेपरचं रिव्ह्यू लिहायचं आहे. सॅम्पल, डिझाइन, निष्कर्ष, तिन्हींवर मत हवं म्हणतात. माझा नुसता सारांश होऊन राहिला. फॉरमॅट सांगा ना कोणी, लवकर.

महालचा_मुन्ना: कोणता पेपर? शब्दमर्यादा किती?

संत्रा_बर्फी: टॅक्सीवाला. १५०० शब्द.

महालचा_मुन्ना: म्हणजे मॅग्वायर आणि सहकारी, २०००, लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिपोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणी आणि रस्ते सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा मोठा दिसला तो? पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

डॉ_शंका: सोपं आहे. चालक फक्त १६. सॅम्पल लहान, निष्कर्ष बाद. शिवाय २००९ चा मेलेल्या सॅमन माशाचा स्कॅन आहेच, दुरुस्ती न करता हजारो तुलना केल्या की मेलेला मासाही 'विचार' करतो. तो टाक, सर खूश होतील.

वैदर्भी: शंका साहेब, मासा इथे बसत नाही. तो फंक्शनल स्कॅनचा मुद्दा आहे. या पेपरमध्ये स्कॅनरमध्ये कोणाला काही काम दिलेलं नाही, फक्त मेंदूची रचना मोजली आहे. तुलनांच्या दुरुस्तीबद्दल विचारायचं तर याच पेपरची पद्धत वाचून विचारावं.

संत्रा_बर्फी, पेपरच्या विभागांच्या क्रमाने गेलीस तर सारांशच होणार. शीर्षकातला दावा धर. त्यात 'स्ट्रक्चरल चेंज' म्हटलं आहे, बदल. आणि चालकांचा स्कॅन एकदाच झाला आहे. एकदा मोजून फरक दिसतो, बदल दिसत नाही. हिपोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असलेलेच लोक लंडनचे रस्ते पाठ करायची ती अवघड लायसन्स परीक्षा पास होत असतील, हा पर्याय उघडा राहतो. हा तुझा कणा. सारांश २०० शब्दांत संपव, सॅम्पलला ३००, डिझाइनला ५००, निष्कर्षाला ४०० दे. उरलेल्या १०० मध्ये कोणता अभ्यास केला असता तर प्रश्न सुटला असता, ते लिही.

सॅम्पलमध्ये आकड्याआधी माणसं बघ. सगळे उजवखुरे पुरुष, अनुभव दीड वर्षापासून ४२ वर्षांपर्यंत. तुलनेचे ५० जण आधीच्या स्कॅनच्या संग्रहातले, टॅक्सी न चालवणारे. म्हणजे दोन गटांत रस्ते पाठ असण्याचाच फरक नाही. दिवसभर बसणं, गाडी हाकणं, ट्रॅफिकचा ताण, हेही वेगळं आहे.

डॉ_शंका: पण १६ लहानच ना?

वैदर्भी: लहान आहे, पण 'म्हणून बाद' हे चूक. लहान सॅम्पलने अंदाज ढिला होतो. उजव्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग आणि टॅक्सीतली वर्षं यांचा सहसंबंध सुमारे ०.६ दिला आहे. १६ जणांवर त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ०.१५ ते ०.८४ येते. म्हणजे संबंध नगण्यही असू शकतो आणि जबरदस्तही. 'लहान आहे' यापेक्षा ही ओळ लिही.

महालचा_मुन्ना: पण हाच सहसंबंध लेखकांच्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा आहे. भाग जन्मजात मोठा असता तर वर्षांसोबत वाढत कसा गेला असता?

वैदर्भी: मोठा असलेलेच धंद्यात टिकले, बाकीचे सोडून गेले, तरीही असंच दिसेल. आणि जास्त वर्षं म्हणजे वयही जास्त. मागच्या भागाला वय उलट ओढतं, म्हणून तिथे लेखकांची बाजू उलट बळकट होते. पण पुढचा भाग वर्षांसोबत लहान होत गेला म्हणतात, तिथे नुसतं वयही पुरेल. वय वेगळं काढलं का, कसं, ते पद्धतीत शोध.

महालचा_मुन्ना: 'टिकले' हा तुझा तर्क झाला, पुरावा नाही.

वैदर्भी: बरोबर, म्हणून रिव्ह्यूत 'शक्यता' म्हणूनच लिहायचं.

ऑटो_स्टँड: आपल्या बर्डीच्या ऑटोवाल्यांचा स्कॅन काऊन नाही करत कोणी? पण आता सगळे मोबाईलवर नकाशा पाहतात म्हणा.

संत्रा_बर्फी: भाऊ, विषयावर या ना. ताई, मी लिहिलं: "लेखकांनी बस चालकांशी तुलना केली नाही, ही मोठी चूक आहे." चालेल?

वैदर्भी: नाही. ती तुलना त्याच गटाने २००६ मध्ये केली. २००० च्या पेपरला नंतरच्या अभ्यासाने झोडपू नको, शेवटच्या १०० शब्दांत वापर. असं लिही: "तुलनेच्या गटात व्यावसायिक चालक नसल्याने गाडी चालवण्याचा परिणाम आणि रस्ते पाठ करण्याचा परिणाम वेगळा करता येत नाही." आणि २०११ चा अभ्यास तिथेच घे: ७९ शिकाऊ चालक, सुरुवातीला गटांत फरक नाही, नंतर पास झालेल्या ३९ जणांमध्येच वाढ.

डॉ_शंका: मग दावा खराच निघाला की! टीका कशाची करायची?

महालचा_मुन्ना: दावा खरा निघणं वेगळं, २००० च्या पुराव्यावरून तो करता येणं वेगळं.

संत्रा_बर्फी: आणि एकूण आकार? दोन्ही गटांत सारखाच दिसतो.

वैदर्भी: हो, ते नक्की घे. एकूण हिपोकॅम्पसमध्ये फरक नाही, मागे जास्त, पुढे कमी. बातम्यांत 'टॅक्सीवाल्यांचा हिपोकॅम्पस मोठा' छापतात, ते पेपरमध्ये नाहीच.

संत्रा_बर्फी: रेफरन्स एपीएमध्ये का?

ऑटो_स्टँड: ते सरांना विचार.