प्रतिसाद: मुलाखत आणि निरीक्षण जुळत नसेल तर

"गणिताच्या एका वर्गाच्या अभ्यासासाठी माझ्याकडे मुलाखती, तासांची निरीक्षणं आणि मुलांच्या वह्या आहेत. शिकवणाऱ्या बाई मुलाखतीत म्हणतात की गटकामात मुलं एकमेकांना कारणं विचारतात. निरीक्षणात तसं दिसत नाही. आता हा निष्कर्ष सोडून द्यायचा का?"

सोडू नका, तपासा. निष्कर्ष एका वाक्यात लिहा आणि त्यापुढे मुलाखत, निरीक्षण, वह्या असे तीन रकाने आखा. प्रत्येकात दुजोरा, विरोध किंवा मौन यांपैकी एकच नोंद करा, सोबत मूळ नोंदीची तारीख. मौन म्हणजे विरोध नव्हे. तुम्ही बसलात त्या तासाला गटकामच झालं नसेल तर तो रकाना मौनाचा. बहुतेक घोळ इथेच होतो.

तुमच्याकडे वह्या आहेत ही मोठी जमेची बाजू, कारण तुम्ही वर्गात नव्हता त्या दिवसांचंही काम त्यांत असतं. एकाच गटातल्या चौघांच्या वह्या शेजारी ठेवा. चौघांनीही १/२ + १/३ = २/५ असंच लिहिलं असेल आणि खाडाखोडही त्याच जागी असेल, तर एकाने सोडवून बाकीच्यांनी उतरवल्याची शक्यता जास्त. मात्र ही चूक सर्रास होणारी आहे, त्यामुळे दुसऱ्या गटांतही ती दिसते का ते आधी पाहा. उतरवल्याचंच दिसलं तर निष्कर्ष बदलून लिहा: बाईंना गटकामातून चर्चा अपेक्षित आहे, प्रत्यक्षात एकाचंच उत्तर गटात फिरतं. माझ्या मते हा मूळ निष्कर्षापेक्षा भक्कम आहे.

आणि मुलांशी बोलताना बाई वर्गात असतील, तर त्या मुलाखती स्वतंत्र पुरावा म्हणून मोजू नका.